उत्तर: बोलून टाइप केलेला मजकूर

> 'बोलून लिहिलेलं सलग येतं, पूर्णविराम नाहीत, शब्दही भलतेच. सुरुवात कुठून करू?'

आधी वाक्यं तोडा, शब्द नंतर. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून 'आहे', 'गेलो', 'घेतला' दिसलं की तिथे थांबून बघायचं. फक्त 'नाही' आलं की घाई नको. माझाच मजकूर बघा, संत्र्याच्या पेट्यांबद्दल दुकानातल्या पोराला पाठवायचा होता:

'वर्दीच्या दुकानात माल मोजून घेतला नाही घेतला असेल तर पावती थांबव'

मी 'नाही'नंतर पूर्णविराम दिला. म्हणजे माल मोजलेला असेल तर पावती थांबव, असा उलटाच अर्थ झाला! मला म्हणायचं होतं: 'माल मोजून घेतला? नाही घेतला असेल तर पावती थांबव.' प्रश्नाचा सूर मजकुरात उतरलाच नव्हता. म्हणून 'नाही' मागच्या वाक्याला आणि पुढच्या वाक्याला, असं दोन्हीकडे जोडून मोठ्याने वाचा.

आता 'वर्दी'. ती मूळची बर्डी, म्हणजे नागपूरची सीताबर्डी; बोलून टाइप करताना तिची 'वर्दी' झाली. शब्द खरा असल्यामुळे स्पेलिंग तपासणीत लाल रेघ येत नाही. सगळीकडे एकदम बदलूही नका, पोलिसाच्या वर्दीचीही बर्डी होईल. एकेक ठिकाण बघून बदला. गावांची, माणसांची नावं आणि आकडे मी शेवटी वेगळे तपासतो.

आणि हे त्याच दिवशी करा. बोलून टाइप करताना आवाज सहसा साठत नाही, चार दिवसांनी आपण काय बोललो ते आपल्यालाच आठवत नाही. लांब मजकूर असेल तर मी बाजूला दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवतो.