मदत हवी आहे: विधानांच्या प्रश्नात 'फक्त' आलं की विधान चूकच धरायचं का?

राज्यसेवा पूर्वची तयारी चालूय. पॉलिटी-इतिहासाचे जुने पेपर सोडवताना 'फक्त', 'सर्व' असे शब्द असलेली विधानं बऱ्याचदा चूक निघतात असं दिसतंय, पण मधेच हा नियम तोंडावर पाडतो. उदा. उपराष्ट्रपतींवर सरावाला हा प्रश्न होता: (अ) निवडणुकीत फक्त निर्वाचित खासदार मत देतात (ब) हटवण्याचा ठराव फक्त राज्यसभेतच मांडता येतो. दोन्हीत 'फक्त', आणि उत्तर केवळ ब. मग पॅटर्न बघायचा तरी कसा?

रात्रपाळी: मी तर डोळे झाकून चूक धरतो, बहुतेक वेळा चालतं. इतिहासात तर नक्कीच.

जुना_खेळाडू: इतिहासात ठीके, पॉलिटीत मार खाशील. धनविधेयक फक्त लोकसभेत मांडता येतं, कलम 19 फक्त नागरिकांना, ही सगळी बरोबर विधानं आहेत, घटनेतच तसं आहे. 'फक्त' दिसलं की एवढंच विचारायचं, की यामुळे बाहेर कोण राहिलं? (अ) मधे नामनिर्देशित खासदार बाहेर राहतात. ते राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नसतात पण उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत असतात. म्हणजे शेजारच्या पदाची खरी गोष्ट उचलून इथे चिकटवलीय. जुन्या पेपरात शोधायचा पॅटर्न हा आहे, शब्द नाही. राष्ट्रपती-उपराष्ट्रपती, 1919-1935 अशा जोड्या समोरासमोर ठेवून वाच.

प्रश्नकर्ता: 1919-1935 म्हणजे द्विदल राज्यपद्धती ना? 1919 ला प्रांतात, 1935 ला केंद्रात, एवढं पाठ आहे.

जुना_खेळाडू: तिथेच अजून एक खाच आहे. '1935 च्या कायद्यात केंद्रात द्विदल राज्यपद्धतीची तरतूद होती' हे बरोबर, पण 'केंद्रात ती सुरू झाली' हे चूक, कारण संघराज्यच अस्तित्वात आलं नाही, संस्थानं पुरेशी सामील झालीच नाहीत. त्यामुळे क्रियापद बघ, तरतूद का अंमल. आणि त्याच कायद्यावर 'सर्व प्रांतांत द्विगृही कायदेमंडळ' आलं तर तेही चूक, 11 पैकी 6 प्रांतातच होतं.

कोकणी_पोर: माझं वेगळंच होतं, विधानं सगळी येतात पण 'अयोग्य विधान ओळखा' वाचायचंच राहतं 😅 त्यासाठी कुठलं पुस्तक चांगलं?

रात्रपाळी: भाऊ त्याला पुस्तक नाही, 'अयोग्य' शब्दाला गोल कर. पण जुना_खेळाडू, यूपीएससीच्या 2023 च्या पेपरात 'वरीलपैकी किती विधाने बरोबर' असे ढीगभर प्रश्न होते, तिथे एक विधान पक्कं चूक कळून पण पर्याय फारसे कटत नाहीत.

जुना_खेळाडू: खरंय. तिथे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे माहीत पाहिजे. एकच अडलं असेल तर पर्याय दोनच उरतात, राज्यसेवेच्या एक चतुर्थांश निगेटिव्हमधे मी तरी मारतो.

प्रश्नकर्ता: आणि दोन अडली तर?

रात्रपाळी: मी सोडतो.

जुना_खेळाडू: मी त्यातही बघतो, शेजारचं काही चिकटवलंय का. दरवेळी सापडत नाही.