मध्यम काळी कोरडवाहू जमीन, चार एकर: यंदा सोयाबीन घ्यावे की कापूस?

कोरडवाहू_परतूर
सर्वांना नमस्कार. माझी चार एकर मध्यम काळी जमीन असून विहीर किंवा बोअर काहीही नाही. गेली काही वर्षे आमच्याकडे पेरणीजोगा पाऊस जूनच्या अखेरीस येतो, ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे उघडीप पडते आणि सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबायचे नाव घेत नाही. पेरणीपासून पहिला माल विकेपर्यंत खर्चायला माझ्याकडे पंचेचाळीस हजार रुपये आहेत आणि त्याहून अधिक उसनवारी करायची नाही. घरचे एमएयूएस १५८ सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवले आहे. घरी काम करणारी माणसे दोनच आहेत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

ठिबकवाला
दादा, डोळे झाकून कापूस लावा. मी मागील हंगामात ठिबकवर एकरी पंधरा क्विंटल कापूस काढला. दोन बोअर घ्या आणि विद्राव्य खते सोडा, मग पावसाची चिंताच राहत नाही.

कोरडवाहू_परतूर
भाऊ, उत्पादन ऐकून आनंद झाला. परंतु मला बोअर घ्यायचा असता तर हा प्रश्नच विचारला नसता.

आडतकट्टा
मी बाजार समितीत रोज माल पाहतो, म्हणून सांगतो की सोयाबीनच्या नादी लागू नका. २०२१ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला तेव्हा लोकांनी माल घरात कोंडून ठेवला आणि नंतर निम्म्या भावात विकला. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये होता. मात्र ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की खरेदी केंद्रावरून माल परत येतो आणि मग शेतकरी आमच्याच कट्ट्यावर येऊन आम्हालाच बोल लावतो. लांब धाग्याच्या कापसाला त्याच वर्षी ८११० रुपये हमीभाव होता. हिशेब तुम्हीच करा.

गोदाकाठ
आडतदार साहेबांनी वेचणीचा हिशेब सोयीस्करपणे सोडला आहे. आमच्या गावात किलोला दहा रुपये देऊनही बायका मिळत नाहीत, कारण सगळ्यांचा कापूस एकदमच फुटतो. सोयाबीनची कापणी उक्ती दिली की दोन दिवसांत रान मोकळे होते आणि हरभरा पेरता येतो. शिवाय ती बोंडअळीची कटकट नाही.

बीटीप्रेमी
बोंडअळीची भीती जुनी झाली. बीटी बियाण्याला अळी लागतच नाही. फक्त मावा आणि तुडतुड्यांवर लक्ष ठेवावे.

शिवारफेरी
बीटीप्रेमी, तुमचे म्हणणे हिरव्या अमेरिकन अळीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. गुलाबी अळीला मात्र आता बीटी आवरत नाही. २०१७ मध्ये आपल्याकडे काय झाले ते आठवा. फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसू लागली, म्हणजेच डोमकळ्या आल्या, की अळी आत शिरलेली असते. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणी टाळू नये.

परतूरच्या दादांना माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या रानात मुरूम किती खोलीवर लागतो? मध्यम जमीन असे आपण सहज म्हणतो, पण उताराच्या एकाच रानात वरच्या बांधाला आणि खालच्या बांधाला दोन निरनिराळ्या जमिनी असतात. कुदळीने दोन्ही टोकांना खड्डा घेऊन पाहा आणि सोयाबीनची उगवणही तपासा. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत.

ठिबकवाला
खड्डे खोदत बसण्यापेक्षा त्याच पैशात एक बोअर लागला असता.

कोरडवाहू_परतूर
शिवारफेरी काका, दोन्ही कामे केली. खालच्या बांधाकडे सुमारे अडीच एकरांत मुरूम अडीच-तीन फुटांवर लागला. वरच्या दीड एकरात मात्र फूटभर खाली कुदळ खणखणली. बियाण्याचे शंभरपैकी अठ्ठावन्न दाणे उगवले आहेत.

शिवारफेरी
मग निम्मे उत्तर तुमच्या खड्ड्यांनीच दिले. जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या उघडिपीत फुलांवर व कोवळ्या शेंगांवर असते. ते पीक थोड्याच दिवसांत फुलते, त्यामुळे त्या वेळी गळलेली फुले नंतरचा पाऊस पुरती भरून देत नाही. कापसाचीही पाते-फुले ताणात गळतात. मात्र सप्टेंबरच्या पावसावर त्याला पुन्हा पाते धरता येते. हा त्याचा मोठा गुण आहे, पण त्याची किंमत तो पुढे वसूल करतो. ती उशिराची बोंडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतात आणि तेव्हा पाऊस नसतो, जमिनीतली ओल असते. अडीच फूट काळी माती ती ओल पुरवते. फूटभर मातीत मात्र पाने लाल पडतात आणि बोंडे लिंबाएवढीच राहतात.

म्हणून खालच्या अडीच एकरांत कापूस घ्यावा आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकावी. फरदड ठेवू नये. वरच्या दीड एकरात सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. परभणी विद्यापीठाचीही हीच शिफारस आहे. तूर बीडीएन ७११ सारखी लवकर येणारी असावी. बियाणे मात्र सत्तर टक्क्यांच्या खाली असल्याने बदलावे.

गोदाकाठ
बियाणे बदलायची गरज नाही. एकरी तीस किलोऐवजी चाळीस किलो टाका, काम झाले. आम्ही दरवर्षी असेच करतो.

शिवारफेरी
उगवण पासष्टच्या आसपास असती तर प्रमाण वाढवून भागले असते. साठच्या खालचे बियाणे जोमही हरवून बसलेले असते. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर कडक पापुद्रा धरला, तर ते कोंब तो फोडू शकत नाहीत.

गोदाकाठ
आमचे तरी उगवते.

आडतकट्टा
सप्टेंबरअखेर पाऊस थांबत नाही असे दादांनीच लिहिले आहे. तेव्हा काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात आणि तो काळा माल माझ्याकडे येतो. मी सुरुवातीपासून हेच सांगत आहे.

शिवारफेरी
त्याच पावसात कापसाची खालची बोंडेही सडतात, साहेब. फरक इतकाच की वरची बोंडे शिल्लक राहतात.

कोरडवाहू_परतूर
सर्वांचे आभार. घरी बसून हिशेब केला. चारही एकर कापूस धरल्यास एकरी पंधरा हजारांप्रमाणे साठ हजार लागतात, जे माझ्याकडे नाहीत. अडीच एकरांचे साडेसदतीस हजार होतात. त्यातही वेचणीची मजुरी पहिला कापूस विकून देता येईल, म्हणून आधी एवढे सगळे हाताशी लागणार नाहीत. तेवढा कापूस नक्की केला.

वरच्या दीड एकरात मात्र मी सोयाबीन घेणार नाही. घरचे बियाणे बाद ठरले, नवी पिशवी घ्यावी तर खत व काढणी मिळून उरलेले पैसे पुरत नाहीत. तेथे मूग पेरणार आहे. तो साठ-सत्तर दिवसांत निघतो, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या पावसाआधी माल घरात येईल आणि कापसाच्या फवारणीला पैसे मोकळे होतील. पेरणीजोगा पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे गेला, तर मूगही रद्द करून बाजरी टाकीन.

गोदाकाठ
मुगाच्या शेंगा तोडायलाही माणसे लागतात, हे लक्षात असू द्या.

शिवारफेरी
मूग सुचला नव्हता. हलक्या रानाला तो वाईट नाही. तरीही मुगाच्या ओळींमध्ये एखादी तुरीची ओळ टाकाच, तुरीला बियाणे थोडेच लागते.

कोरडवाहू_परतूर
तूर टाकली असती काका, पण वरच्या बांधाला लागून माळ आहे आणि रोही व हरणांचा कळप तेथूनच उतरतो. मूग निघाल्यावर उघड्या रानातली ती तूर डिसेंबरपर्यंत कोण राखणार?