मदत हवी आहे: ईटीएफ एनएव्हीपेक्षा ८ टक्के महाग, भाव खाली का येत नाही?

सायली_०७: परदेशी शेअर्सचा एक ईटीएफ पाहतेय. एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या शेअर्सची किंमत, १०० आहे आणि बाजारात भाव १०८. नवे युनिट्स तयार होत असल्याने फरक टिकत नाही असं वाचलं होतं. मग हा महिनाभर कसा टिकला?

निवांत: कालची एनएव्ही आहे ती. तिकडचा बाजार बंद असताना इकडे सौदे चालतात, त्यामुळे भावच खरा, एनएव्ही शिळी. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतले बॉन्ड ईटीएफ असेच एनएव्हीच्या खाली गेले होते, कारण खुद्द बॉन्डचे सौदेच नीट होत नव्हते.

जुना_डीलर: निवांत, शिळेपणाने एखाद्या दिवसाचा फरक पडेल, महिनाभर ८ टक्के नाही.

समजा क्रिएशन युनिट, म्हणजे फंड एका वेळी देतो तो गठ्ठा, ५०,००० युनिट्सचा आहे आणि तेवढ्याचे शेअर्स ५० लाखांना मिळतात. युनिटचा भाव १०१ झाला की ऑथराइज्ड पार्टिसिपंट, म्हणजे फंडाशी थेट व्यवहार करणारा मोठा दलाल, शेअर्स घेऊन फंडाला देतो, बदल्यात नवे युनिट्स घेतो आणि ते बाजारात साडेपन्नास लाखांना विकतो. खर्च १० हजार धरला तर हातात ४० हजार उरतात. त्याच्या विक्रीने युनिट उतरतं, खरेदीने शेअर्स थोडे चढतात. फरक खर्चाइतका, म्हणजे इथे ०.२ टक्क्यांवर आला की तो थांबतो. भाव एनएव्हीच्या खाली गेला तर हेच उलट: युनिट्स गोळा करून परत द्यायचे, शेअर्स घ्यायचे.

सायली, फंडाच्या एकूण युनिट्सचा आकडा रोज वाढतोय का ते बघ.

सायली_०७: तीन आठवडे तोच आकडा आहे, एकाही युनिटने वाढलेला नाही!

जुना_डीलर: मग क्रिएशन बंद असणार. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा भरली की फंड नवे पैसे घेत नाही. रिडेम्प्शन, म्हणजे युनिट्स फंडाला परत देणं, चालू असेल तर भाव फार खाली जाणार नाही, पण वर जायला अडवणारं कुणी नाही. तू १०८ ला घेतलंस, शेअर्स ३ टक्के वाढले आणि त्याच सुमारास क्रिएशन सुरू झालं, तर भाव १०३ च्या आसपास येईल. शेअर्स वाढूनही तुझं साडेचार टक्के नुकसान.

कोकणकन्या: माझ्याकडे याचेच २०० युनिट्स आहेत. फंडाला परत देऊन पैसे घेऊ का?

जुना_डीलर: ताई, तसं करू नका. एक तर फंड थेट व्यवहार मोठ्या गठ्ठ्यातच करतो, आणि तिथे एनएव्हीचाच भाव मिळेल. विकायचेच असतील तर बाजारात विका, प्रीमियम तुम्हाला मिळेल. फक्त मार्केट ऑर्डर टाकू नका, लिमिट लावा.

निवांत: क्रिएशन बंद असेल हे मान्य. तरी ८ पैकी शिळ्या एनएव्हीचे किती? तिकडच्या निर्देशांकाचे फ्युचर्स आत्ता कुठे आहेत ते पाहिल्याशिवाय मी सगळ्याला प्रीमियम म्हणणार नाही.

सायली_०७: आज खरेदी थांबवते. फ्युचर्सचे आकडे रात्री इथे टाकते.