भाडेकरू उत्तरच देत नाही, काय लिहावं?

ए-१०२ : मंडळी, जरा सल्ला हवा आहे. माझा दुसऱ्या सोसायटीतला फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. मुलगा एकटाच राहतो, वागायला सरळ, भाडं कायम वेळेवर. आता दोन महिन्यांचं थकलं आहे, आणि गेले काही आठवडे ना फोन उचलतो, ना मेसेजला उत्तर देतो. भाड्याची काळजी आहेच, पण पोरगं बरं असेल ना, ही त्याहून मोठी. उद्या हा मेसेज टाकायचा विचार आहे. वाचून सांगा.

"बरेच दिवस तुझा काहीच निरोप नाही. बरा आहेस ना? दोन महिन्यांचं भाडंही बाकी आहे. आठ दिवसांत आलं नाही तर मला पुढचा विचार करावा लागेल. काळजी घे."

डी-२०१ : काका, फारच मऊ लिहिलंय. लाइट बंद करा, दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन येईल. नाहीतर डुप्लिकेट किल्ली असेलच तुमच्याकडे, सरळ जाऊन बघा.

सी-३०४ : नाही हो काका, यातलं काहीही करू नका. मी वकिली करते म्हणून स्पष्टच सांगते. करार चालू आहे तोवर ते त्याचं घर आहे. न सांगता आत गेलात आणि नंतर तो म्हणाला की माझी वस्तू गेली, तर तुम्ही काय उत्तर देणार? लाइट-पाणी तोडणं, कुलूप बदलणं याने तर थकबाकीची तुमची बाजूच कमकुवत होते. पैसे त्याने बुडवलेले असतात आणि तक्रार तुमच्यावर होते. जिवाला धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही एकट्याने जायचं नाही.

ए-१०२ : पटलं. पण धोका आहे की नाही हे बाहेरून कळणार कसं?

बी-५०१ : काका, आधी एक सांगा, तुमच्या मेसेजवर एक टिक आहे की दोन?

ए-१०२ : दोन. राखाडी. निळ्या होत नाहीत.

बी-५०१ : मग थोडा धीर धरा. दोन टिका म्हणजे मेसेज त्याच्यापर्यंत पोचतोय, म्हणजे बहुधा फोन चार्ज आहे आणि नेट चालू आहे. आठवडेच्या आठवडे एकच टिक असती तर फोन बंद आहे, नंबर बदललाय किंवा तुम्हाला ब्लॉक केलंय, यांपैकी काहीतरी असतं. अशा वेळी साधा एसएमएस टाकून बघायचा. निळ्या टिकेवर मात्र जाऊ नका. ती सेटिंगमधून बंद करता येते, शिवाय मेसेज न उघडता वरच्या पट्टीत वाचणारे कितीतरी असतात.

सेक्रेटरी : आणि तिथला मीटर बघून या. मीटर रूम सगळ्यांची असते, तिथे जायला भाडेकरूची परवानगी लागत नाही. शेवटच्या बिलावरचं रीडिंग घ्या आणि आजचं ताडून बघा. घरात नुसता फ्रीज चालू असेल तर दिवसाला साधारण एक-दीड युनिट पडतं. आकडा त्याच्या बराच पुढे गेला असेल तर घरात माणूस वावरतोय. आकडा हललाच नसेल तर मेन स्विच बंद करून तो कुठेतरी गेलाय. मीटरवरचा छोटा लाल दिवाही बघा. दुपारी सावकाश लुकलुकत असेल आणि रात्री आठ-नऊला भराभर, तर पंखा-गीझर कोणीतरी वापरतंय.

सी-३०४ : दाराशीही एक नजर टाका. बाहेरून कुलूप असेल तर तो बाहेर गेलाय. आतून कडी आहे पण बेल वाजवून कोणी येत नाही, फोन लावला की आत वाजताना ऐकू येतो, दिवसाढवळ्या दिवे चालू आहेत, दाराशी पार्सलं साठलीत किंवा वास येतोय, यांतलं एकही आढळलं तर मेसेज वगैरे लिहीत बसू नका. तिथूनच पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा. दार उघडायचं ते पोलिसांसमोर, तिथल्या सोसायटीचा एक पदाधिकारी आणि एक शेजारी साक्षीला घेऊन.

ए-१०२ : आत्ता जाऊन येतो.

ए-१०२ : आलो जाऊन. बाहेर कुलूप आहे, पण साधं, रोज वापरातलं, धूळ नाही. बिलानंतर रीडिंग चांगलंच पुढे गेलंय. वॉचमन म्हणाला, "साहेब असतात ना, रात्री उशिरा येतात, कोणाशी बोलत नाहीत." पूर्वी खाली उतरला की याच्याशी दोन शब्द बोलायचा म्हणे.

सेक्रेटरी : चला, म्हणजे सुखरूप आहे. भाड्याबद्दल वॉचमनला काही बोलला नाहीत ना?

ए-१०२ : एक अक्षर नाही. खूप दिवसांत भेट नाही म्हणून आलो, इतकंच.

डी-२०१ : म्हणजे आहे घरात आणि मुद्दाम टाळतोय. आता तरी नोटीस पाठवा.

बी-५०१ : दादा, टाळतोय हे खरं, पण का टाळतोय ते बघा. मी स्वतः भाड्याने राहतो, म्हणून सांगतो. पैसे थकले की घरमालकाचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी पोटात गोळा येतो. पहिल्या मेसेजला उत्तर द्यायचं राहतं, कारण सांगायला तारीख नसते. दुसऱ्याच्या वेळी आधी पहिला का टाळला ते सांगावं लागणार असतं. पुढे पुढे भाड्यापेक्षा त्या न दिलेल्या उत्तरांचंच ओझं जास्त होतं. शेजाऱ्यांशी आणि वॉचमनशीही बोलणं बंद झालंय, हे मला नुसतं पैसे बुडवणाऱ्याचं लक्षण वाटत नाही.

म्हणून काका, तुमच्या त्या मेसेजचे दोन भाग करा. विचारपूस वेगळी आणि भाडं वेगळं, आणि दोन्ही एकाच दिवशी पाठवू नका. "बरा आहेस ना" आणि "आठ दिवसांत भर" एकाखाली एक आलं की वाचणाऱ्याला पहिलं वाक्य नुसती प्रस्तावना वाटते.

ए-१०२ : मग पहिल्यात काय लिहू?

बी-५०१ : असं काहीतरी:

"बरेच दिवस तुझ्याशी बोलणं नाही, म्हणून काळजी वाटली. आजारपण, घरचं काही, नोकरीचं काही, जे असेल ते असो, आत्ता कारण सांगायची गरज नाही. तू ठीक आहेस एवढं कळलं की झालं. नुसतं 'ठीक' लिहिलंस तरी चालेल. मदत लागली तर कधीही फोन कर. बाकीचं आपण नंतर बोलू."

यात प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. "बाकीचं नंतर" मात्र काढू नका. भाडं सोडून दिलं असं त्याला वाटता कामा नये, आणि आज ते विचारलंही जाऊ नये.

सी-३०४ : छान आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही यात गैर काही नाही. फक्त तो खाली येईल म्हणून गेटवर थांबू नका, आणि रोज फोन लावू नका. हा मेसेज गेला की तीन-चार दिवस शांत राहा. तोवर उत्तर आलं नाही तर करारात तातडीचा म्हणून जो नंबर दिलाय त्यावर एक फोन. विचारायचं एवढंच, "मुलाशी तुमचं बोलणं होतं ना? माझा संपर्क होत नाही." थकबाकी घरच्यांना सांगायची नाही. ते जामीन राहिलेले नसतील तर ते त्यांचं देणं नाही, आणि घरी कळलं म्हणून तो तुमच्याशी कायमचा बोलणं तोडेल.

ए-१०२ : पाठवला. जसाच्या तसा.

ए-१०२ : मंडळी, उत्तर आलं! परवा रात्री उशिरा आधी नुसतं "ठीक आहे काका" आलं, आणि काल सकाळी त्याने आपणहून फोन केला. कारण त्याचं खासगी आहे, इथे लिहीत नाही. तब्येत बरी आहे, आणि घरच्यांशी बोलणं चालू आहे हे मी विचारून घेतलं. पगार या महिन्यापासून पुन्हा सुरू होतोय. आता भाड्याचं कसं लिहू?

सी-३०४ : आता मात्र आडवळण नको. आकडे स्पष्ट आणि लेखी, व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही. डिपॉझिट किती आहे?

ए-१०२ : तीन महिन्यांच्या भाड्याएवढं.

सी-३०४ : मग हिशेब सोपा आहे. दोन महिने थकलेत, म्हणजे डिपॉझिटमध्ये तुम्हाला एका महिन्याचीच शिल्लक उरली. घर सोडताना रंग, दुरुस्ती, शेवटचं लाइट बिल त्यातूनच जातं, म्हणून ती शिल्लक संपू देऊ नका. तिसरा महिना थकला की डिपॉझिट संपलं असं धरायचं. हे त्यालाही सांगा, धमकी म्हणून नाही, हिशेब म्हणून. "दोन महिने डिपॉझिटमधून कापून घ्या" असं तो म्हणाला तर घर सोडायची तारीख लेखी ठरल्याशिवाय हो म्हणू नका. नाहीतर भाडेकरू आत राहतो आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही.

थकबाकीचे हप्ते पाडा. दर महिन्याला चालू भाडं पूर्ण, आणि वर पाव महिन्याचं. असं केलं तर आठ महिन्यांत फिटतं. अर्ध्या महिन्याचं जमत असेल तर चार महिन्यांत. पण आकडा त्याला सांगू द्या. दबावाखाली मान्य केलेला मोठा हप्ता दुसऱ्याच महिन्यात मोडतो आणि पुन्हा तोच अबोला सुरू होतो.

बी-५०१ : पगार कोणत्या तारखेला होतो तेही विचारा काका. पगार सातला आणि भाडं पाचला असेल तर दर महिन्याला दोन दिवस तो उगाच थकबाकीदार ठरतो. भाड्याची तारीख दहा करून टाका.

सेक्रेटरी : तिथला मेंटेनन्स तुमच्या नावावर असतो, तो थकू देऊ नका. भाडं आलं नाही हे कारण कुठलीच सोसायटी ऐकून घेत नाही.

ए-१०२ : भरलाय. हे लिहिलंय, बघा:

"काल बोललास, बरं वाटलं. हिशेब असा: मागच्या दोन महिन्यांचं भाडं बाकी. या महिन्यापासून चालू भाडं दहा तारखेला पूर्ण, आणि थकबाकीतलं दर महिन्याला किती जमेल ते तू रविवारपर्यंत सांग. एखाद्या महिन्यात अडचण आली तर तारखेच्या आधी कळव, मार्ग काढू. न कळवता दोन हप्ते चुकले तर मात्र करारातल्या नोटिशीप्रमाणे जावं लागेल."

डी-२०१ : हे पक्कं वाटतंय काका. पहिल्यापेक्षा बरंच.

सी-३०४ : चालेल. पावती देताना "चालू महिन्याचं भाडं" आणि "थकबाकीपैकी" अशा दोन ओळी वेगळ्या लिहा आणि महिन्याचं नाव टाका. नुसती "रक्कम मिळाली" अशी पावती दिलीत तर पुढे कोणता महिना फिटला आणि कोणता राहिला यावरच वाद होतो.

ए-१०२ : हो ताई, तशीच देतो. त्याने पाव महिन्याचा हप्ता म्हटलं तरी मान्य करणार आहे.