स्वयंसेवकांच्या पाळ्या: कोण आलं याची नोंद ठेवावी की विश्वासावर चालवावं?

निळी_शाई:
चार दिवसांचा महोत्सव आहे, रोज तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला २० जण. म्हणजे २४० जागा. प्रत्येकाने तीन पाळ्या केल्या तर ८० माणसं पुरतात, आमच्याकडे ९० नावं आहेत. प्रत्यक्ष कोण आलं ते मला पाळीनिहाय लिहून ठेवायचंय. समितीतल्या काहींना वाटतं, फुकट राबणाऱ्यांची हजेरी घेणं शोभत नाही. तुमचं मत?

रात्रपाळी:
समितीचं बरोबर आहे. माणूस स्वतःहून आलाय, त्याच्यापुढे वही कसली धरता? दहा नावं जास्तीची आहेतच. कोण आलं, कोण नाही हे पाळीप्रमुखाला ठाऊक असतं.

फाटकावरची:
ठाऊक असतं, पण पाळी संपली की ती माहिती त्याच्यासोबतच घरी जाते.

आता त्या दहा नावांचं बघा. ९० जणांच्या २७० पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येक पाळीला साधारण २२ नावं. कागदावर उत्तम. पण दांड्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. समजा, पहिल्या सकाळी २२ च्या २२ आले. दोघं रिकामे बसतात. शेवटच्या रात्री, आवराआवरीला, २२ पैकी १४ उगवले. एकूण सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं, आणि तिकडे मात्र सहा जण कमी पडलेले असतात. पाळीनिहाय नोंद असेल तर पुढच्या वेळी पहिल्या सकाळची नावं कमी करता येतात आणि शेवटच्या रात्रीला जास्त लावता येतात. याच प्रमाणात गळती धरली, तर २० हात मिळायला ३२ नावं लागतील. एका वर्षाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका, पण अंदाजापेक्षा तो बरा.

स्कॅन_करा:
वही कशाला? प्रत्येकाला क्यूआर कोड द्या, टेबलावर स्कॅन झाला की हजेरी लागली. विषय संपला.

फाटकावरची:
अर्धा संपला. स्कॅनमुळे माणूस टेबलापर्यंत पोचला एवढंच कळतं. नेमून दिलेल्या जागी गेला का, शेवटपर्यंत थांबला का, हे नाही कळत. शिवाय गर्दीत नेटवर्क गेलं की हातात काहीच नाही, म्हणून छापील यादी ठेवाच. जाण्याची वेळ जॅकेट किंवा वॉकीटॉकी परत घेताना लिहा. वस्तू परत द्यायला माणूस येतोच, नुसती सही करायला येत नाही.

नाव_नको:
मी नोंदीच्या विरोधात आहे आणि त्याला कारण आहे. एका महोत्सवात मी माझी पाळी मित्राला दिली, तो पूर्ण वेळ उभा राहिला. यादीत मात्र मी गैरहजर. पुढच्या वर्षी मला बोलावणंच आलं नाही.

फाटकावरची:
हे वाईटच झालं. पण तुमच्या मित्राची बदली लिहिली गेली असती तर हे टळलं असतं, म्हणजे नोंद जास्त नाही, कमी पडली. दोन गोष्टी पाळायच्या. ठरलेलं नाव कधी खोडायचं नाही, त्याच्या शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष आलेल्याचं नाव लिहायचं. बरेच जण मूळ वेळापत्रकातच नाव बदलतात आणि मग काय ठरलं होतं तेच पुसलं जातं. दुसरं, कोरी जागा म्हणजे गैरहजर नव्हे. कदाचित प्रमुख लिहायलाच विसरला. म्हणून 'आला', 'बदली दिली', 'आधी कळवून आला नाही' आणि 'न कळवता आला नाही' या चारपैकी एक खूण हवीच. पाळी संपल्यावर कोरं काही दिसलं तर त्याच दिवशी प्रमुखाला विचारायचं, आठवड्याने कुणालाच आठवत नाही.

घाईघाईत:
प्रमाणपत्रावर तास किती लिहायचे, ठरलेले की केलेले?

निळी_शाई:
प्रश्न तो नव्हता, पण केलेले. रात्री १० ते २ च्या पाळीचं काय? तारीख मध्येच बदलते.

फाटकावरची:
पाळी सुरू झाली ती तारीख. नाहीतर एकाच पाळीची माणसं दोन दिवसांत विभागली जातात आणि दोन्हीकडे कमी दिसतात.

रात्रपाळी:
पाळीनिहाय बेरीज ठेवायला माझी हरकत नाही, गळतीचा मुद्दा पटला. नावांना आहे. ती यादी उद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली तर?

फाटकावरची:
नावांशिवाय बदली कशी नोंदवणार? यादी दोन समन्वयकांकडेच ठेवा, बाकीच्यांना फक्त आकडे द्या.

नाव_नको:
आणि 'न कळवता' अशी खूण दोनदा पडली की त्याला वगळणार, बरोबर?

फाटकावरची:
मी वगळत नाही. त्याला नुसतं फाटकावर एकटं ठेवत नाही, जिथे जोडीला आणखी चार जण आहेत तिथे लावते.

रात्रपाळी:
त्याला हे न सांगता?

फाटकावरची:
हो, न सांगता.

रात्रपाळी:
मग मला नेमकी भीती कशाची होती ते तुम्हीच सांगितलंत.