मदत हवी आहे: टाके उसवलेल्या पुस्तकाच्या स्कॅनमध्ये पानांचा क्रम लावायचा आहे

एका जुन्या पुस्तकाचे टाके उसवून, कागद सुटे करून मी स्कॅन केले. प्रत्येक चित्रात दोन पानं आहेत, पण ती शेजारची नाहीत. पहिल्या चित्रात डावीकडे १६ आणि उजवीकडे १, दुसऱ्यात २ आणि १५, असं ८ चित्रांत १६ पानांचं एक जुडगं संपतं. त्यामुळे नुसतं मधोमध कापून भागत नाही. पहिल्या जुडग्यासाठी हे जमलं:

```
mutool poster -x 2 a.pdf b.pdf
qpdf b.pdf --pages . 2,3,6,7,10,11,14,15,16,13,12,9,8,5,4,1 -- c.pdf
```

छापील आकडे ताडून पाहिले, क्रम बरोबर आहे.

पुस्तकात अशी सहा जुडगी आहेत, आणि शेवटचं फक्त १२ पानांचं. तिथे वरची यादी लागू पडणार नाही. पानांची संख्या दिली की यादी आपोआप तयार होईल, अशी छोटी स्क्रिप्ट कोणी लिहिली आहे का?

दुसरी अडचण म्हणजे काही कागद काचेवर जरा सरकले होते. घडी मध्यावर नसल्याने उजव्या पानाच्या ओळींची पहिली अक्षरं डाव्या पानात गेली. पुन्हा स्कॅन न करता त्या चित्रांपुरती कापायची रेघ कशी हलवू? सगळंच हाताने करायचं तर माझा निम्मा महिना जाईल.