रोजच्या अपडेटमध्ये ‘ब्लॉकर नाही’ लिहिलं, ते चुकलं का?

नवा_डेव्हलपर: बॅकएंडला दीड वर्ष झालं. रोज सकाळी दहापर्यंत टीमच्या चॅनलवर झालं, पुढे काय, ब्लॉकर असं तीन ओळींत लिहायचं असतं. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी मी हे लिहिलं होतं: “काल रिफंडच्या टिकिटावर काम केलं. आज तेच पुढे. ब्लॉकर नाही.” गुरुवारी लीड म्हणाले, तीन दिवस तू अडकलेला होतास आणि आम्हाला कळलंच नाही. मी सोमवारीच इन्फ्रावाल्यांना मेसेज टाकला होता आणि मधल्या वेळात दुसरं काम करत होतो. मग याला ब्लॉकर म्हणायचं का?

कोथरूडची_बॅकएंडवाली: इन्फ्राकडे नेमकं काय मागितलं होतं, आणि त्याशिवाय काय चालत नव्हतं?

नवा_डेव्हलपर: पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सचा वेबहुक सीक्रेट. रिफंड झाला की गेटवे आपल्या सर्व्हरला कळवतो. आपल्याकडून वेळेत 200 गेला नाही, तर तीच सूचना पुन्हा पाठवतो. दुसऱ्यांदा आली तरी पैसे दोनदा परत जाऊ नयेत, एवढं माझं टिकिट. कोड लिहून झाला होता. पण सीक्रेट नसल्यामुळे सिग्नेचर जुळत नव्हती आणि प्रत्येक खऱ्या सूचनेला 401 जात होता. म्हणून हाताने बनवलेल्या पेलोडवर टेस्ट करत बसलो.

कोथरूडची_बॅकएंडवाली: मग तो ब्लॉकरच. तुमचे हात रिकामे होते की नाही, याचा इथे संबंध नाही. ते कार्ड पुढच्या कॉलमात जाणं तुमच्या हातात राहिलं होतं का, एवढंच बघायचं. ते दुसऱ्याच्या हातात गेलं की माणूस कितीही कामात असला तरी कार्ड अडकलेलं असतं. तुम्ही स्वतःबद्दल लिहीत होता, टीमला कार्डाबद्दल हवं होतं.

दुसरं म्हणजे, ‘काम केलं’ यातून काहीच कळत नाही. सोमवारचं आणि बुधवारचं वाक्य शब्दशः सारखं असेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? मी असं लिहिलं असतं:

```
PAY-412 रिफंड वेबहुक (In Progress)
झालं: event_id वर युनिक इंडेक्स, दुसऱ्यांदा
      आलेली सूचना 200 देऊन सोडून देतो.
पुढे: सँडबॉक्समधून खरी सूचना दोनदा पाठवून बघणे.
अडलं: सँडबॉक्सचा वेबहुक सीक्रेट, इन्फ्राकडे
      सोमवारी 11 वाजता मागितला. बुधवारी
      दुपारपर्यंत मिळाला नाही तर शुक्रवारचं
      रिलीज चुकेल.
```

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. काय हवंय, कोणाकडून, कधीपासून, आणि नाही मिळालं तर काय अडेल, या चार गोष्टी असल्या की लीडला तुम्हाला उलट काही विचारावं लागत नाही. ते थेट इन्फ्राच्या लीडशी बोलतात.

केशरी_मांजर: माझा याला सरळ विरोध आहे. हे सगळं टिकिटात असायला हवं. बोर्ड कशाला ठेवलाय मग? कार्डावर फ्लॅग लावा, कमेंटमध्ये कारण लिहा, विषय संपला. तेच पुन्हा चॅनलवर लिहायला लावणं म्हणजे हजेरी घेणं. आमच्याकडे आठ जण रोज असे परिच्छेद लिहायचे आणि कोणी कोणाचं वाचत नसे. सहा महिन्यांनी बंद केलं, काहीही बिघडलं नाही.

स्क्रमवाले_काका: बंद कसं करता? काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न स्क्रमचा नियमच आहेत. पंधरा मिनिटांत प्रत्येकाने उत्तर द्यायचं.

कोथरूडची_बॅकएंडवाली: काका, पंधरा मिनिटांचं बरोबर आहे. पण तीन प्रश्न 2017 च्या स्क्रम गाइडमध्येसुद्धा ‘असंही करता येईल’ म्हणून उदाहरणादाखल होते, आणि 2020 च्या आवृत्तीत तर काढूनच टाकले. स्प्रिंटच्या ध्येयाकडे किती सरकलो आणि पुढचा दिवस कसा आखायचा, हे कळलं की झालं. पद्धत टीमने ठरवायची. आमच्याकडे माणसागणिक विचारतच नाही. बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करतो, म्हणजे जे पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ आहे ते आधी. रिव्ह्यूमध्ये चार दिवस पडलेलं कार्ड पहिल्या मिनिटात समोर येतं.

केशरी_मांजर, दोनदा लिहू नये हे मान्य. कारण टिकिटाच्या कमेंटमध्येच लिहावं आणि चॅनलवर एक ओळ व लिंक द्यावी. पण नुसत्या फ्लॅगवर माझा भरवसा नाही. फ्लॅग लावणाऱ्याला वाटतं आपण कळवलं, आणि बघणाऱ्याला तो बघायला बोर्ड उघडावा लागतो. यांच्या बाबतीत कार्ड तीन दिवस In Progress मध्येच होतं. बोर्ड खोटं बोलत नव्हता, पण खरं काय ते त्याच्यावर नव्हतं.

हिंजवडी_रिटर्न: आमच्याकडे प्रत्येक टिकिटावर तास भरावे लागतात. आठ तास झाले नाहीत तर संध्याकाळी मेल येतो. तुम्हीही तास लिहा, म्हणजे अडकलेलं आपोआप दिसेल.

टेस्टिंगवाली: तो टाइमशीटचा विषय झाला. त्यांनी त्या टिकिटावर रोज आठ तास भरले असते, तर उलट सगळं सुरळीत चाललंय असंच दिसलं असतं.

मी टेस्टर म्हणून सांगते, मला ‘झालं’ या शब्दाचा त्रास होतो. डेव्हलपर सकाळी झालं म्हणतो, मी टेस्ट सर्व्हरवर जाते, तर तिथे कालचाच बिल्ड. मर्ज झालं, की डिप्लॉय झालं, की फक्त स्वतःच्या मशीनवर चाललं? मागच्या महिन्यात रिपोर्टमधल्या तारखेचं टिकिट होतं. वेळ UTC मध्ये साठवलेली, म्हणून रात्री बारा ते साडेपाचच्या नोंदी आदल्या दिवसात दिसायच्या. ‘झालं’ वाचून मी अर्धा दिवस तपासलं, तरी चूक तिथेच. बदल ब्रँचवरच होता, मर्जच केला नव्हता. आता आमच्याकडे ‘झालं’च्या पुढे टेस्टवर आहे की नाही, ते लिहिल्याशिवाय मी ते कार्ड घेत नाही.

केशरी_मांजर: हे पटलं. पण तेही कॉलमनेच कळायला हवं. Ready for Test कॉलम डिप्लॉयनंतरच वापरायचा, एवढी शिस्त पाळली तर अपडेट कशाला लागतो? माणसांनी लिहिण्यावर विसंबलं की थकलेला माणूस ‘ब्लॉकर नाही’ असंच लिहिणार.

नवा_डेव्हलपर: मी थकून नव्हतं लिहिलं. मला वाटलं, ब्लॉकर लिहिलं तर इन्फ्राच्या त्या माणसाची तक्रार केल्यासारखं होईल. तोही एकटाच तीन टीम सांभाळतो.

कोथरूडची_बॅकएंडवाली: हे आधी सांगायला हवं होतं, खरं कारण हेच आहे. माणसाचं नाव लिहू नका. टीमचं नाव आणि मागणीची लिंक द्या. आणि लिहिण्याआधी त्याला एक मेसेज टाका, की हे आज अपडेटमध्ये येणार आहे. निम्म्या वेळा तेवढ्यातच काम होतं.

स्क्रमवाले_काका: नाव लिहायलाच हवं. टीमचं नाव लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही.

टेस्टिंगवाली: काका, चारचौघांत नाव आलं की तो माणूस पुढच्या वेळी तुमचा मेसेज उघडायला आणखी एक दिवस लावतो. मी हे भोगलंय.

नवा_डेव्हलपर: आज सकाळी टीमचं नाव आणि लिंक टाकून लिहिलं. साडेअकराला सीक्रेट मिळाला. खरी सूचना दोनदा पाठवली, रिफंडची नोंद एकदाच झाली. पण प्रॉडक्शनच्या जुन्या डेटात एकच event_id दोनदा आलेल्या काही नोंदी निघाल्या, त्यामुळे तिथे युनिक इंडेक्स बनत नाहीये. त्या नोंदींचं काय करायचं ते अकाउंट्सवाले ठरवणार. उद्याच्या अपडेटची ‘अडलं’ची ओळ आत्ताच लिहून ठेवली आहे, त्यांना आधी मेसेज टाकून.